बाथरूम गळतंय म्हणून भाडं थांबवू नका, आधी पत्र द्या

"बाथरूमची गळती मालक दुरुस्त करत नसेल तर पत्रबित्र लिहीत बसू नका. सरळ भाडं बंद करा. कायदा भाडेकरूच्याच बाजूने आहे, आठ दिवसांत मालक प्लंबर घेऊन दारात येतो."

असा सल्ला कुणी दिला तरी भाडं बंद अजिबात करू नका राव. भाडं थकलं की घर खाली करून मागायचं कारण आपणच मालकाच्या हातात देतो, मग गळती राहते बाजूला अन् आपण थकबाकीची उत्तरं देत बसतो.

कायदा बाजूने आहे हे खरंय, पण तो पत्रापासूनच सुरू होतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14. करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं ठेवायची जबाबदारी मालकाची. कमीत कमी 15 दिवसांची नोटीस देऊनही त्यानं वाजवी वेळेत काम केलं नाही तर आपण करून घ्यायचं अन् खर्च भाड्यातून वळता करायचा, पण वर्षाला एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. म्हणजे महिना 7,000 भाडं असेल तर वर्षाचे 84,000, त्यातले जास्तीत जास्त 21,000. बिलं जपून ठेवा.

अन् आठ दिवसांत प्लंबर येतो म्हणे! आमच्याकडं परभणीत मिस्त्री तीनदा आला, तिन्ही वेळा फरशीच्या फटीत व्हाइट सिमेंट भरून गेला, महिनाभरानं जिन्याच्या स्लॅबमधून परत टपटप सुरू. पाणी येतंय कुठून हे कुणी बघितलंच नव्हतं. शेवटी मीच बघितलं. रात्रभर बाथरूम वापरलं नाही, टाकीचा कॉक चालूच ठेवला, टपकणं थांबलं, म्हणजे नळाची लाइन ठीक. मग नहाणी ट्रॅपमध्ये कापडाचा बोळा कोंबून फरशीवर इंचभर पाणी 24 तास साठवलं, तरी खाली कोरडं. बोळा काढून दोन बादल्या ओतल्या की अर्ध्या तासात टपकायलं. म्हणजे लिकेज ट्रॅपच्या जॉइंटला होतं, वरून कितीबी सिमेंट भरा, काय उपयोग?

हेच पत्रात लिहिलं:

"काका, नमस्कार. जिन्याच्या स्लॅबला पाणी परत गळायलंय. आधी तीनदा फटी भरल्या, तारखा खाली दिल्यात. तपासून बघितलं, गळती नहाणी ट्रॅपजवळ आहे. तेवढी फरशी काढून ट्रॅपचा जॉइंट नवा करून घ्यावा ही विनंती. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत काम झालं नाही तर मी करून घेईन आणि बिलासह खर्च भाड्यातून वळता करीन. या महिन्याचं भाडं भरलेलं आहे."

स्पीड पोस्टनं पाठवलं, पावती अन् फोटो ठेवले. अकराव्या दिवशी काकांनी स्वतः उभं राहून ट्रॅप बदलून घेतला.

एक मात्र बघून घ्या, तुमचा कागद लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर कलम 14 चा हा हक्क सहसा लागू होत नाही, तिथं करारात दुरुस्तीबद्दल जे लिहिलंय ते कलम पत्रात टाका अन् पैसे वळते करायची भाषा गाळा.