डंबेल खाली कोण आणतं?

«बायसेप्स हात वाकवतो, ट्रायसेप्स हात सरळ करतो. म्हणजे डंबेल वर नेताना बायसेप्स बनतो आणि खाली आणताना ट्रायसेप्स, एकाच व्यायामात दोन्ही! वर नेताना स्नायू हाडाला ओढतो, खाली आणताना ढकलतो. कोपर ही साधी बिजागरी आहे, त्यामुळे तळहात वर असो की खाली, फरक शून्य. आणि सांध्यातून कट्‌ असा आवाज आला की समजा, वंगण संपलं, हाडावर हाड घासतंय. सगळ्यांना पाठवा.»

फोनवर फिरणाऱ्या या फॉरवर्डमधलं पहिलं वाक्य बरोबर आहे आणि शाळेच्या पुस्तकातही तेच आहे. बायसेप्स दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू, ट्रायसेप्स मागच्या. घोटाळा «म्हणजे» या शब्दापासून सुरू होतो.

उभं राहून डंबेल कोपरात वाकवून वर आणलं आणि मग हळूहळू खाली सोडलं, तर त्या खाली येण्यात ट्रायसेप्सला जवळजवळ कामच नसतं. खाली ओढायला गुरुत्वाकर्षण आहे. हात सरळ होतोय एवढं पाहून तो सरळ करणारा स्नायू काम करतोय असं ठरवता येत नाही. वजन कुठल्या दिशेला ओढतंय आणि त्याला कोण अडवतंय, हे पाहावं लागतं. आणि अडवणारा बायसेप्सच असतो. तो ताणलेल्या अवस्थेत, लांब होत होत, वजन धरून ठेवतो.

आकडे मांडले की हे स्वच्छ दिसतं. कोपर काटकोनात आहे आणि मुठीत ५ किलोचं डंबेल आहे असं धरू. कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर साधारण ३५ सेंटीमीटर. बायसेप्सचा कंडरा मात्र कोपराच्या सांध्यापासून फक्त ५ सेंटीमीटरच्या आसपास हाडाला चिकटतो. अंतर सातपट कमी, म्हणून ओढ सातपट जास्त लागते: ३५ किलो वजन उचलण्याइतकी. त्यात कोपरापुढच्या हाताचं स्वतःचं वजन मिळवा. ते दीड किलोच्या घरात आणि त्याचा मध्य १५ सेंटीमीटरवर धरला तर आणखी साडेचार किलो. म्हणजे मुठीत ५ किलो आणि वाकवणाऱ्या स्नायूंवर मिळून सुमारे ४० किलोचा ताण. (बदल्यात वेग मिळतो. स्नायू एक सेंटीमीटर आखडला की मूठ सात सेंटीमीटर हलते. शरीराने कोपरात ताकद खर्चून वेग विकत घेतलाय.)

आता याच कोनातून डंबेल सावकाश, एकसारख्या गतीने खाली येतंय. वजन तेच, अंतरं तीच, त्यामुळे लागणारा ताणही तोच ४० किलोचा, आणि त्याच बाजूने, म्हणजे दंडाच्या पुढून. या क्षणी ट्रायसेप्सने जोर लावलाच तर तो डंबेलला आणखी खाली ढकलायला मदत करेल आणि बायसेप्सचं ओझं वाढवेल. शरीर असला उफराटा खर्च सहसा करत नाही. एका स्नायूला आखडण्याचा हुकूम मज्जारज्जूतून जातो, तेव्हा त्याच्या विरोधी जोडीदाराला सैल राहण्याचा निरोपही तिथूनच जातो. इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी ही उलटसुलट तारजोडणी प्रयोगांनी दाखवली. मज्जापेशींवरच्या कामासाठी त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं.

पडताळा घरीच घ्या. उजव्या हातात पाण्याने भरलेली बाटली धरून ती हळूहळू खाली सोडा आणि डाव्या हाताने उजव्या दंडाची मागची बाजू चाचपा. ती मऊ लागेल. पुढची बाजू मात्र टणक. मग मूठ टेबलावर ठेवून टेबल खाली दाबा. आता मागची बाजू ताठ होईल. ट्रायसेप्सला काम द्यायचं तर हात सरळ होण्याला कशाचा तरी विरोध हवा.

तालमीतले जोर याचं उत्तम उदाहरण. जोर मारताना अंग खाली जातं तेव्हा कोपर वाकतं. फॉरवर्डच्या तर्काने तिथे बायसेप्सने काम करायला हवं. प्रत्यक्षात खाली जाताना अंगाचा भार रोखून धरतो ट्रायसेप्स, आणि वर येताना उचलतोही ट्रायसेप्सच. डंबेलच्या व्यायामात दोन्ही वेळा बायसेप्स, जोरांत दोन्ही वेळा ट्रायसेप्स.

या चुकीचा व्यवहारातला तोटा असा की «खाली येताना बायसेप्सला सुट्टी» असं मानून मुलं डंबेल धप्पकन सोडतात. खरं तर लांब होत होत वजन धरताना स्नायूचे कमी तंतू कामाला लागतात आणि प्रत्येकावर जास्त ताण येतो. नव्याने व्यायाम सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जी ठणक लागते ती मुख्यतः याच भागाची देणगी आहे. हा भाग टाळला तर अर्धा व्यायाम गेला.

आता ढकलण्याचं. स्नायूला फक्त ओढता येतं. दोरीने बैल ओढता येतो, ढकलता येत नाही, तसंच. स्नायूच्या आत प्रथिनांचे बारीक धागे एकमेकांत सरकतात आणि स्नायू आखूड होतो. त्यांना परत लांब करण्याची सोय त्या यंत्रात नाही. ते काम बाहेरून कुणीतरी करावं लागतं, वजनाने किंवा विरोधी स्नायूने. म्हणून तर जोड्या लागतात. ट्रायसेप्ससुद्धा ओढतोच. कोपराचं जे टोक आपण टेबलावर टेकवतो, त्या हाडाच्या टोकाला तो मागून चिकटलेला असतो. ते टोक सांध्याच्या आसाच्या मागे असल्यामुळे तिथे वर ओढलं की पुढचा हात सरळ होतो.

यावर शंका असेल तर मानेला दुखापत झालेल्या रुग्णांकडे पाहावं. मज्जारज्जूला मानेच्या सहाव्या पातळीच्या खाली इजा झाली, तर बायसेप्स शाबूत राहतो आणि ट्रायसेप्स निकामी होतो, कारण त्याच्या नसा मुख्यतः सातव्या पातळीवरून निघतात. असा माणूस बसलेला असताना हात वाकवतो आणि बायसेप्स बेताने सैल सोडून हात छान खालीही आणतो. ट्रायसेप्सशिवाय! पण तोच माणूस पाठीवर झोपून हात छताकडे उभा धरू पाहतो तेव्हा कोपर आपोआप वाकतं आणि हात चेहऱ्यावर येऊन पडतो. अशा काही रुग्णांत शल्यचिकित्सक बायसेप्सचा कंडरा मूळ जागेवरून सोडवतात, दंडाला वळसा घालून मागे नेतात आणि कोपराच्या टोकाशी जोडतात. काही महिन्यांच्या सरावानंतर तोच बायसेप्स हात सरळ करू लागतो. स्नायूत काहीच बदललेलं नसतं. तो पूर्वीसारखाच आखडतो, फक्त आता मागून ओढतो. वाकवण्याचं काम त्याच्याखालचा दुसरा स्नायू, ब्रेकिअॅलिस, सांभाळतो. अर्थात तो आधी धड आहे याची खात्री करूनच हे करतात.

बिजागरीचा मुद्दा मला सगळ्यांत आवडतो, कारण तो अर्धा खरा आहे. कोपरात तीन हाडं भेटतात: दंडाचं एक आणि पुढच्या हाताची दोन. करंगळीकडचं हाड अल्ना, अंगठ्याकडचं रेडियस. दंडाचं हाड आणि अल्ना यांच्यात खरोखर बिजागरीचा सांधा आहे. पण रेडियसचं वरचं टोक चकतीसारखं गोल असतं आणि अल्नाला बांधलेल्या अस्थिबंधाच्या कड्यात ते जागच्या जागी फिरतं. हा खुंटीचा सांधा. दोन्ही सांधे एकाच पिशवीत असल्यामुळे आपल्याला ते एकच वाटतात.

कोपर टेबलावर टेकवून तळहात वर-खाली फिरवा. टेकलेलं टोक हलत नाही, कारण ते अल्नाचं आहे. आता कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याच्या किंचित पुढे, खळगा लागतो तिथे, बोट दाबून ठेवा आणि तळहात पुन्हा फिरवा. बोटाखाली गरगरतं ते रेडियसचं डोकं.

बायसेप्स चिकटतो तो या फिरणाऱ्या रेडियसला, म्हणूनच तळहाताची दिशा महत्त्वाची ठरते. तळहात खाली केला की रेडियस अल्नावर तिरका पडतो, बायसेप्सचा कंडरा हाडाभोवती गुंडाळला जातो आणि त्याची वाकवण्याची ताकद घटते. ब्रेकिअॅलिस अल्नाला चिकटलेला असल्यामुळे त्याला काही फरक पडत नाही. म्हणून तेच डंबेल तळहात खाली ठेवून उचलताना जड वाटतं.

शिवाय तळहात वर वळवणं हेही बायसेप्सचंच काम. उजव्या हाताने लाकडात स्क्रू आवळताना दंडाची बेटकुळी टरारते ती यामुळेच. या कामात त्याचा विरोधी ट्रायसेप्स नव्हे, तर तळहात खाली वळवणारे पुढच्या हातातले स्नायू. आणि गंमत म्हणजे स्क्रू जोरात आवळताना ट्रायसेप्सही ताठ होतो, नाहीतर बायसेप्सच्या ओढीने कोपर वाकत जाईल. एरवीचे विरोधी इथे मिळून काम करतात, आणि शेरिंग्टन यांच्या नियमालाही मेंदू गरजेप्रमाणे बगल देतो.

रेडियसच्या डोक्याला धरणारं ते कडं लहान मुलांत पुरेसं घट्ट नसतं. एक ते चार वर्षांच्या मुलाला एका हाताने हिसका देऊन उचललं किंवा मनगटाला धरून गोल फिरवलं, तर रेडियसचं डोकं कड्यातून निसटू शकतं. मूल हात किंचित वाकवून, तळहात खाली करून अंगाशी धरतं आणि वापरायला नकार देतं. डॉक्टर एका वळशात ते बसवतात आणि थोड्याच वेळात मूल त्याच हाताने खेळणं मागतं. घरी प्रयोग करू नयेत, कारण हाड मोडलं असेल तर नुकसान होईल. मुलांना काखेत धरून उचलावं.

राहिला आवाज. बोटं मोडताना सांध्यातली जागा एकदम वाढते, दाब घटतो आणि वंगणद्रवात विरघळलेल्या वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआयमध्ये बोट मोडताना ही पोकळी बनताना टिपली. म्हणजे हा आवाज व्हायला आत वंगणद्रव असावाच लागतो. एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा मोडत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं, तेही त्यामुळेच. डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरांनी पन्नासहून अधिक वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि शेवटी दोन्ही हात तपासले. संधिवात कुठल्याच हातात नव्हता. एका माणसाचा पुरावा तोकडाच, पण जिद्दीला दाद द्यावी.

कोपरात किंवा गुडघ्यात वाकवताना येणारा टक्‌ आवाज पुष्कळदा कंडरा हाडाच्या उंचवट्यावरून सरकल्याचा असतो. कूर्चा खरंच झिजली असेल तर एका टक्‌पेक्षा सांधा हलवताना सतत खरखर जाणवते, आणि सोबत दुखणं, सकाळचा आखडलेपणा किंवा सूज असते. आवाजाबरोबर सांधा मध्येच अडकत असेल, सुजत असेल किंवा करंगळीला मुंग्या येत असतील तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावं. मुंग्या येतात त्या कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस उंचवट्यावरून घसरत असेल तर, आणि त्यावर तेल चोळून उपयोग होत नाही.