मार्च चटणीखाली आहे

मामांचं टॉवेलचं दुकान आहे. हिशेबनीसानं सहा महिन्यांच्या विक्रीचा बार चार्ट कागदावर छापून दिला, आणि मूळ फाईल घेऊन तो लग्नाला गावी गेला. मामांनी कागदाचा फोटो मला पाठवला. "तुझ्या त्या एआयला दाखव की, आकडे काढून दे."

चार्टवर आकडे छापलेले दोनच. जानेवारीवर 480 डझन आणि जूनवर 120. मधले चार बार बोडके. शिवाय मार्चच्या डोक्यावर शेंगाचटणीच्या तेलाचा डाग. जेवताना हिशेब बघायची मामांची सवय जुनी आहे.

मॉडेलनं क्षणात सहाही आकडे दिले. फेब्रुवारी 347, मार्च 263, एप्रिल 312, मे 218. मामा खूश. मला मात्र ते 347 टोचलं. बाजूच्या रेघा शंभर-शंभरावर, आणि फोटोत दोन रेघांमध्ये जेमतेम चाळीस पिक्सेल. म्हणजे एक पिक्सेल अडीच डझनांचा. 347 आणि 348 मधला फरक त्या चित्रात उमटलेलाच नाही, मग यानं तो पाहिला कुठून?

नव्या चॅटमध्ये तोच फोटो पुन्हा दिला. फेब्रुवारी 335. तिसऱ्यांदा 352. जानेवारी आणि जून तिन्ही वेळा जागचे हलले नाहीत. छापलेला आकडा ठाम राहतो, अंदाज दर वेळी कूस बदलतो.

मग नीट बजावलं: प्रत्येक बारपुढे लिही, आकडा छापलेला आहे की उंचीवरून काढलाय. उंचीवरून असेल तर 'इतके ते इतके' सांग. टोक दिसत नसेल तर 'दिसत नाही' म्हण.

आता फेब्रुवारी 330 ते 360 झाला, एप्रिल 300 ते 325. मार्चपुढे चक्क 'दिसत नाही'. म्हणजे मघाचे 263 शेजारचे बार बघून ठोकले होते! (आमच्या वर्गात एकजण गणिताचा पेपर असाच सोडवायचा.)

मी मामांना विजयी मुद्रेनं तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि मे महिन्यावर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं: 'छापलेला, 218'.

"कुठं छापलाय? दाखव की."

फोटो मोठा केला, अजून मोठा केला. मेच्या बारवर काहीच नव्हतं. 'छापलेला' हा शिक्कासुद्धा त्यानं अंदाजानंच मारला होता! शेवटी मेचा बार तेवढा कापून वेगळा दिला, तेव्हा कुठं 'आकडा नाही' अशी कबुली मिळाली. मग प्रत्येक 'छापलेला' मी स्वतः फोटोशी ताडून पाहिला. होते दोनच, ते मामांना मुळातच दिसत होते.

तेवढ्यात सुताच्या व्यापाऱ्याचा फोन आला.

"मार्चला किती गेला माल?" मामांनी फोनवर हात ठेवून विचारलं.

"चटणीखाली आहे."

मामांनी वहीत मार्चपुढे तसंच लिहून घेतलं.