कानडी ओळ काढायला लावणारा टक्का

फॉरवर्ड असा आहे: "एकच फोटो, दोन कॅप्शन. एक आज संध्याकाळी सातला, दुसरं पुढच्या आठवड्यात त्याच वारी सातला, आपोआप पडतं. २४ तासांनी टूल लाइक-कमेंट-सेव्हची बेरीज रीचने भागतं. टक्का जास्त तो जिंकला. वेळ सारखी, रीचने भागलेलं, म्हणजे पक्षपात शून्य. आम्ही तपासलंय: बेळगाव, खानापूर, निपाणी भागात कॅप्शनमध्ये कानडी ओळ घातली की टक्का पडतो. आजच काढा!"

हे व्यापाऱ्यांच्या दोन-तीन ग्रुपवर दिसलं तेव्हा मी सोडून दिलं होतं. मग वडगावच्या मावसबहिणीने तिच्या साड्यांच्या पेजवरची कानडी ओळ खरोखर काढली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "दादा, मशीनच सांगतंय की." तिचं निम्मं गिऱ्हाईक गोकाक-बैलहोंगलकडचं. त्यामुळे आता लिहिणं भाग आहे.

सगळ्यात आधी तो कानडी ओळीचा मुद्दा, कारण नुकसान तिथंच आहे.

हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. मराठी-कानडी कॅप्शनची पोस्ट ९०० जणांपर्यंत गेली आणि ४८ जणांनी काहीतरी केलं, म्हणजे ५.३ टक्के. फक्त मराठी कॅप्शनची ५२० जणांपर्यंत गेली आणि ३५ जणांनी केलं, म्हणजे ६.७ टक्के. टूल म्हणणार, मराठी जिंकली, कानडी काढा. आता तेच आकडे फोडून बघा. पहिल्या पोस्टच्या ९०० मधले ५०० पेजचे फॉलोअर होते, त्यातल्या ४० जणांनी प्रतिसाद दिला: ८ टक्के. उरलेले ४०० अनोळखी, त्यातले ८: दोन टक्के. दुसऱ्या पोस्टच्या ५२० मध्ये ४७० फॉलोअर, त्यातले ३४: ७.२ टक्के. अनोळखी फक्त ५०, त्यातला एक: तोही दोनच टक्के. म्हणजे ओळखीच्यांत कानडीवाली पोस्ट किंचित पुढे, अनोळख्यांत दोघी बरोबर, आणि एकत्र केल्यावर मात्र कानडीवाली 'हरली'. तिचा गुन्हा एवढाच की ती नव्या लोकांपर्यंत जास्त गेली. नवा माणूस फॉलोअरइतक्या सहज लाइक करत नाही, त्यामुळे पोस्ट जितकी बाहेर पसरेल तितका हा टक्का खाली ओढला जातो.

संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. रीच हा भाजक दोन्ही पोस्टना आपण आधी ठरवून सारखा दिलेला नसतो. पोस्ट पडल्यावर अल्गोरिदम ठरवतो की ती कोणाला दाखवायची, आणि सुरुवातीचा प्रतिसाद बघून तो ते बदलत राहतो. म्हणजे ज्याने भागायचं तो आकडाच परीक्षेच्या निकालाचा भाग असतो. मायकल ब्रॉन आणि एरिक श्वार्ट्झ या मार्केटिंगच्या प्राध्यापकांनी 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये हेच पैसे देऊन केलेल्या जाहिरातींबद्दल मांडलं आहे. तिथं प्लॅटफॉर्म स्वतः दोन जाहिरातींची तुलना करून देतो, तरीही दोन्ही जाहिराती वेगवेगळ्या तऱ्हेच्या माणसांना दाखवल्या जातात. त्यामुळे निकालात मजकुराचा परिणाम किती आणि माणसं वेगळी असल्याचा किती, हे सुटं करता येत नाही. पैसे मोजून केलेल्या चाचणीची ही गत, तर फुकट पोस्टची काय सांगावी? कानडी ओळीमुळेच पोस्ट पसरली, असंही वरचे आकडे सिद्ध करत नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवतो. पण 'कानडी काढा' हे तर मुळीच नाही.

स्वतःच्या पेजवर हे तपासता येतं. इनसाइट्समध्ये रीच फॉलोअर आणि नॉन-फॉलोअर अशी विभागून दिसते. दोन पोस्टमध्ये ही वाटणी फार वेगळी असेल, तर एकत्रित टक्क्यांची तुलना तिथंच थांबवायची.

आता 'टक्का जास्त तो जिंकला' याकडे. ५.३ आणि ६.७ मधला फरक १.४ टक्के. एवढ्या रीचवर कॅप्शन तंतोतंत एकच असतं, तरी नुसत्या योगायोगाने अडीच टक्क्यांपर्यंतचा फरक सहज पडला असता. (वर मी फॉलोअरांत 'किंचित पुढे' म्हटलं तेही याच मापाने काही नाही.) १.४ टक्क्यांचा खरा फरक पाचपैकी चार वेळा तरी पकडायचा असेल, तर प्रत्येक कॅप्शनला साधारण साडेचार हजारांची रीच लागते. आपल्याकडच्या साडी, कुंदा, काजूवाल्या पेजेसना एका पोस्टवर एवढी रीच कुठली? टूल मात्र ५२० वरही हिरवी खूण दाखवून मोकळं.

'वेळ सारखी' हे ऐकून तर हसूच आलं. १ नोव्हेंबर २०२५ शनिवार होता, ८ नोव्हेंबरही शनिवारच. वार तोच आणि सात वाजले म्हणजे टूलच्या लेखी दोन्ही वेळा सारख्या. बेळगावात राहणाऱ्याला विचारा. १ तारखेला राज्योत्सवाची मिरवणूक, तिकडे काळ्या दिवसाची फेरी, आणि प्रत्येकाचा फोन त्याच व्हिडिओंनी भरलेला. त्या संध्याकाळी कानडी ओळ असलेली किंवा नसलेली पोस्ट टाकून भाषेचा निकाल काढणारा माणूस एकतर बाहेरगावचा, नाहीतर खोडसाळ. शिवाय फोटोही तोच. पहिल्यांदा ज्यांनी लाइक केलं, ते आठवड्याने तोच फोटो बघून पुढे सरकणार. दुसऱ्या पोस्टवर हे ओझं आधीपासूनच असतं.

२४ तासांबद्दल एवढंच की साडीची पोस्ट नुसती बघून महिन्याने लग्नाच्या खरेदीला निघणाऱ्या बायका त्या हिशेबात कुठेच नाहीत. 'किंमत काय' असा मेसेज करणाऱ्याही नाहीत.

एक गोष्ट मान्य करावी लागते. नुसते लाइक मोजण्यापेक्षा रीचने भागणं बरं, आणि पोस्ट आपोआप पडते म्हणून आपल्या लाडक्या कॅप्शनला चांगली वेळ देण्याची लबाडी टळते. टूल फेकून द्या असं मी म्हणत नाही.

बहिणीला मी सांगितलंय ते असं. जोड्या करायच्या: दोन वेगवेगळ्या पण एकाच तऱ्हेच्या साड्या, एकीला मराठी कॅप्शन, दुसरीला मराठी-कानडी. कुठलं कॅप्शन कुठल्या साडीला आणि आधी कुठली पोस्ट, हे दर वेळी नाणं उडवून ठरवायचं. सण, मोर्चा, बंद असलेला आठवडा वगळायचा. तुलना फक्त फॉलोअरांच्या प्रतिसादाची करायची. तो वेगळा मिळत नसेल तर किमतीची चौकशी करणारे मेसेज मोजायचे, आणि नवी रीच वेगळ्या रकान्यात लिहायची. अशा दहा जोड्या होईपर्यंत निकाल काढायचा नाही. मध्येच एक बाजू पुढे दिसली म्हणून थांबलं की योगायोगच जिंकतो. दहापैकी आठ एका बाजूला गेल्या तरी विश्वास ठेवू नये: दहा वेळा नाणं उडवलं तर शंभरात सुमारे अकरा वेळा आठ किंवा त्याहून जास्त कौल एकाच बाजूला पडतात. नऊ पडण्याची वेळ शंभरात दोनदाच येते, म्हणून नऊ झाल्या तर मानावं. सहा-चार झालं तर दोन्ही कॅप्शन सारखीच धरायची, आणि अशा वेळी कानडी ओळ ठेवायची, कारण ती वाचणारं गिऱ्हाईक तिच्याकडे आधीच आहे.