८७ नगांच्या स्लिप गेज सेटवरील अभिप्रायाला आमचे उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय: "सहा महिन्यांत दोन ब्लॉक चिकटेनासे झाले. ५८.९७५ मिमीसाठी १.००५, १.०७, १.४, ५.५ आणि ५० लावले, तर कम्पॅरेटर २ मायक्रॉन जास्त दाखवतो. माल हलका आहे."

नमस्कार साहेब,

तुम्ही पाठवलेला सेट आम्ही ऑप्टिकल फ्लॅट या अगदी सपाट काचेखाली पाहिला. १.०७ च्या एका कोपऱ्याशी प्रकाशाचे पट्टे एकदम वाकतात, बाकी सगळीकडे सरळ आहेत. ही झीज नाही, धातूची बर आहे. ब्लॉकची कड कशावर तरी आपटली की तेवढ्या जागी धातू उचलला जातो. असा ब्लॉक शेजारच्यावर नीट बसत नाही, थप्पी जाड भरते, आणि जोर लावून सरकवला तर शेजाऱ्यालाही ओरखडतो. तुमच्या १.४ वर नेमका तसा ओरखडा आहे.

आता जुळणीबद्दल. शेवटच्या आकड्यापासून सुरुवात केलीत, ते बरोबरच. १.००५ वजा केल्यावर ५७.९७ उरतात. इथे फक्त ७ न उडवता ९७ मधले ४७ एकदम उडवा: १.४७ घ्या, ५६.५ उरतात, मग ६.५ आणि ५०. चार ब्लॉकांत काम होते आणि एक सांधा वाचतो. नीट चिकटलेल्या सांध्याची जाडी मायक्रॉनच्या काही शतांशांइतकीच असते. चूक शिरते ती धुळीच्या कणातून किंवा बरमधून.

ब्लॉक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, तंतू न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करा. ५० वर १.४७ आडवा, काटकोनात ठेवा, हलका दाब देत फिरवून सरळ करा. पकड बोटांना जाणवते. खरखर लागली तर तिथेच थांबा. आणखी दाबू नका, उचलून पुन्हा पुसा. तरीही खरखर राहिली तर तो ब्लॉक बाजूला काढा. पातळ ब्लॉक एकटा असताना वाकतो, म्हणून तो नेहमी जाड ब्लॉकवरच चढवायचा. त्यावर १.००५, शेवटी ६.५, म्हणजे पातळ ब्लॉक मधे सुरक्षित राहतात.

रोज ही थप्पी लागत असेल तर दोन्ही टोकांना २ मिमीचे कार्बाइड प्रोटेक्टर लावा. मग आतला आकार ५४.९७५ होतो, ६.५ च्या जागी २.५ घातला की जमले. प्रोटेक्टरची तीच बाजू कायम बाहेर ठेवा, झीज तिथेच राहते.

हातात धरलेली थप्पी लगेच मोजू नका. ५९ मिमी पोलाद ३ अंशांनी तापले तरी २ मायक्रॉन वाढते. काम झाले की ब्लॉक सरकवून सोडवा, ओढून नाही. रात्रभर चिकटवून ठेवले तर सुटताना पृष्ठभाग खराब होतो. पुसून गंजरोधक तेल लावून मगच पेटीत ठेवा.

१.०७ ची बर आणि १.४ च्या ओरखड्याच्या उचललेल्या कडा आम्ही सपाट दगडावर विनामूल्य काढतो आणि दोन्ही ब्लॉक मास्टरशी ताडून रीडिंगसह परत पाठवतो. १.४ मर्यादेबाहेर निघाला तर तेवढा एकच ब्लॉक नवा घ्यावा लागेल, पूर्ण सेट नाही.