इअरप्लग "काही कामाचे नाहीत" म्हणण्याआधी ते कानात पुरते गेलेत का बघा

वन रूम किचनमध्ये रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला आडवा होतो, तेव्हाच घरात टीव्ही, मिक्सर, कुकर आणि खाली भंगारवाल्याचा भोंगा सुरू होतो. म्हणून मेडिकलमधून फोमचे इअरप्लग आणले जातात आणि चार दिवसांत फेकले जातात. माझं स्पष्ट मत आहे की बहुतेक वेळा प्लग बरा असतो, तो अर्धाच आत गेलेला असतो. अर्धा प्लग आवाज तर अडवत नाहीच, वर कानातला मळ आत ढकलतो.

मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब आणि किंचित नागमोडी असते. मळ तयार होतो तो फक्त बाहेरच्या तिसऱ्या हिश्शात, आणि तिथून त्वचेबरोबर हळूहळू आपोआप बाहेर येतो. न वळलेला फुगीर प्लग तसाच बोटाने दाबला, की तो नळीच्या भिंतीवरचा मळ खरवडत पुढे नेतो. एकदा आतल्या भागात गेलेला मळ सहसा आपला आपण बाहेर येत नाही.

म्हणून आधी हात साबणाने धुवून कोरडे करा. मग प्लग वात वळतो तसा बोटांत वळा, अगदी बारीक आणि सुरकुती न पडता. सुरकुती राहिली की फुगल्यावर तिथूनच आवाज शिरतो. आता उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा काठ वर आणि मागे ओढा. त्याने नळी सरळ होते. प्लग लगेच, फुगायच्या आत, सरकवा आणि बोट अर्धा मिनिट तिथेच ठेवा. ही शेवटची पायरी लोक हमखास गाळतात, मग फुगताना प्लग बाहेर सरकतो.

नीट बसला का, हे कळायला दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबून बघा. आवाज त्याने आणखी बराच कमी झाला, तर प्लग बसलेला नाही. काढा, पुन्हा वळा. बाहेरचं टोक चिमटीत धरता येईल इतकं मात्र राहिलंच पाहिजे. कुशीवर झोपताना टोचतो म्हणून काही जण प्लग कात्रीने कापतात. फार आखूड कापला तर सकाळी तो काढायला डॉक्टर गाठावा लागतो. त्यापेक्षा लहान मापाचा, मऊ फोमचा घ्या.

पाकिटावर एनआरआर ३२, म्हणजे ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडवण्याचा आकडा, लिहिलेलं असलं तरी घरी तेवढं मिळत नाही. अमेरिकेतल्या नायोश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने १९९८ मध्ये फोमच्या प्लगसाठी निम्माच आकडा धरायला सांगितलं होतं, म्हणजे सुमारे १६ डेसिबल. टीव्हीवरचं बोलणं तेवढ्याने पुसट होतं. डीजेचा बास हाडांतूनही पोचतो, त्याला प्लग फारसा पुरत नाही.

आता त्या रात्रपाळीवाल्याचंच पुढे बघू. समजा, तो रोज उजव्या कुशीवर झोपतो. काही आठवड्यांनी उजवा प्लग पूर्वीइतका आत जाईनासा होतो, टोकाला तपकिरी मळ दिसतो, आणि अंघोळीनंतर कान अचानक बंद होतो. कारण पाण्याने मळ फुगतो. इथे प्लग थांबवायचे. कानाचा पडदा शाबूत असेल, तर मळ मऊ करणारे थेंब चालतात. तरी कान मोकळा झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ सक्शनने किंवा पिचकारीने मळ काढतात. बड्स, हेअरपिन, गरम तेल आणि फूटपाथवरचा कान साफ करणारा, चारही नकोत. दुखणं किंवा पाणी येणं सुरू झालं, पडद्याला भोक असलं किंवा कानाचं ऑपरेशन झालेलं असलं, तर थेंबही स्वतःहून घालू नका आणि प्लगही नको. मधुमेह्यांनी कानदुखी अंगावर काढू नये, त्यांच्यात कानाचा संसर्ग हाडापर्यंत पोचू शकतो.

स्वच्छतेचं म्हणाल तर फोम धुवायची वस्तू नाही. पाण्याने त्याची फुगण्याची ताकद जाते, घाण मात्र आतच राहते. वळल्यावर तो पुन्हा पूर्ण फुगत नसेल, कडक झाला असेल किंवा रंग बदलला असेल, तर टाका. तसं काही दिसलं नाही तरी काही दिवसांनी जोडी बदलाच. सिलिकॉनचा कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुता येतो, पण पूर्ण वाळेपर्यंत डबीत नको. मुंबईच्या पावसाळ्यात हे जास्त पाळा, कारण दमट कानात बुरशी लवकर धरते. अंघोळ करून ओल्या कानात लगेच प्लग घालणं हीच सगळ्यात वाईट सवय.

काढताना सरळ खेचू नका. आधी हळू फिरवा, हवा आत जाऊ द्या, मग ओढा. एकदम ओढलं तर पडद्यावर ताण येतो. गजराचा आवाज दबतो, म्हणून फोन व्हायब्रेटवर उशीखाली ठेवा. घरात तान्हं बाळ किंवा रात्री हाक मारणारं आजारी माणूस असेल, तर दोघांनी एकाच रात्री प्लग घालू नयेत, पाळी लावावी.