फायबरच्या डब्यावरचा लाल दिवा आणि टाचणीचा उपाय

"फायबरच्या डब्यावर लाल दिवा लागला की आधी राऊटर बघा. राऊटरचे दिवे हिरवे असतील तर लाईन चालू आहे, फक्त डबा अडकलाय. मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबा. तरी नाही झालं तर पिवळी वायर काढून टोकाला फुंकर मारा, रुमालाने पुसा आणि परत लावा. वायर लोंबकळत असेल तर घट्ट गुंडाळून टाय मारा. माणूस बोलवायची गरज नाही. सोलापुरातल्या सगळ्या ग्रुपवर पाठवा."

या मेसेजमधल्या हिरव्या दिव्यांचं आधी बघू, कारण पुढचे सगळे उपाय त्याच गैरसमजातून आलेत. ज्या घरात फायबरचा डबा वेगळा आणि राऊटर वेगळा असतो, तिथे दोघांमध्ये साधी लॅन केबल असते. राऊटरवरचा वॅनचा दिवा बऱ्याच मॉडेलमध्ये एवढंच सांगतो की या केबलच्या दुसऱ्या टोकाला एक चालू डबा जोडलेला आहे. वायफायचा दिवा सांगतो की राऊटर घरात सिग्नल सोडतोय. बाहेरच्या काचेच्या तारेतून उजेड येतोय की नाही, हे राऊटरला दिसतच नाही. ते फक्त फायबरच्या डब्याला दिसतं, आणि 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल लुकलुकायला लागला की डबा तेच सांगत असतो: उजेड येत नाही, किंवा मला वाचता येईल इतका येत नाही. म्हणजे डबा अडकलेला नाही, तो आपलं काम नीट करतोय.

त्याच्या शेजारचा 'पॉन' दिवाही सोबत वाचावा. एलओएस विझलेला आणि पॉन स्थिर हिरवा असेल तर उजेड पुरेसा आहे आणि कंपनीच्या यंत्राने डबा ओळखलाय. तरी नेट नसेल तर रिचार्ज, लॉगिन किंवा राऊटरची सेटिंग बघायची. एलओएस विझलेला पण पॉन सतत लुकलुकत असेल तर उजेड येतोय, पण नोंदणी पूर्ण होत नाही. ते काम बहुतेक वेळा कंपनीकडूनच होतं.

टाचणीच्या उपायाने नुकसान होतं, म्हणून हे नीट समजून घ्या. बटण दाबून डबा बंद-चालू करणं वेगळं, ते खुशाल करा. भोकातलं बटण मात्र दहा सेकंद दाबलं की अनेक डब्यांमधली सेटिंग पुसली जाते: लॉगिनचं नाव, पासवर्ड, काही ठिकाणी नोंदणीचा क्रमांकसुद्धा. वायर वाकल्यामुळे उजेड अडला असेल तर तो रिसेट करून येणार नाही. उलट वायर सरळ झाल्यावरही नेट येणार नाही, आणि एका बिघाडाचे दोन होतील.

रुमाल आणि फुंकर यांबद्दल सोलापूरकरांनी तर जास्तच जपायला हवं. या तारेत उजेड जिथून जातो तो गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा असतो. कापसाचा एक तंतू त्याहून जाड असतो. रुमालातून सुटलेला, किंवा यंत्रमागाच्या भागात हवेत उडणारा एक तंतू टोकावर नेमका मधोमध बसला तरी वाट अडते. फुंकरेतून ओल आणि थुंकीचे बारीक थेंब टोकावर जातात आणि वाळून डाग ठेवतात. टोक पुसायचंच असेल तर त्याला तंतू न सोडणारा खास कागद आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, किंवा लाईनमनकडचा क्लिनर लागतो. हे जवळ नसेल तर कनेक्टर काढूच नका. काढलाच तर लगेच टोपण लावा, आणि टोकात डोळा घालून बघू नका: आतला प्रकाश अवरक्त असतो, तो दिसत नाही पण डोळ्याला लागू शकतो. हिरव्या कनेक्टरचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं; म्हणून घरात पडलेली निळ्या टोकाची वायर त्याजागी चालत नाही.

आता 'घट्ट गुंडाळून टाय मारा'. लाल दिव्याचं घरातलं नेहमीचं कारण हेच असतं, आणि मेसेज तेच करायला सांगतो! काचेच्या तारेत उजेड आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. वळण फार तीव्र झालं की तो तिथेच बाहेर गळतो. जुन्या प्रकारच्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येखाली वाकवायचं नसतं, म्हणजे वेटोळं साधारण दोन-सहाच्या मापाच्या बांगडीएवढं, ६० मिलिमीटर रुंद. नव्या प्रकारची तार यापेक्षा पुष्कळ लहान वळण सोसते, पण घरात कुठली तार टाकलीय ते कळत नसेल तर बांगडीचं माप पाळावं. डब्याकडे येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा आणि जाणारा १३१० चा असतो; वळणावर लांब तरंगाचा उजेड जास्त गळतो, म्हणून येणाऱ्या बाजूला झळ आधी बसते.

जुळे सोलापूरमधलं एक घर धरा. फायबरचा डबा टीव्ही युनिटच्या मागे आहे, एलओएस मधूनमधून लाल लुकलुकतो. राऊटर बाजूला ठेवून लॅपटॉप केबलने थेट डब्याला जोडला आणि डब्याच्या तळावर छापलेला पत्ता, बहुधा 192.168.1.1, उघडला. तिथे RX Optical Power, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाचं माप, यासमोर −२८.५ आकडा दिसतो. लाईन बसवली तेव्हा तो −१९.५ होता. घरगुती डब्यांची नेहमीची मर्यादा सुमारे −२७ असते, त्याच्या खाली गेलं की डबा तक्रार करतो. ९ डेसिबलचा फरक म्हणजे आधीच्या उजेडाचा आठवा हिस्साच उरलाय. (दिवा सतत लाल असेल तर इथे −४० किंवा नुसती रेघ दिसते.)

आता डब्यापासून मागे मागे जायचं, वायर न ओढता. युनिटमागे दीड-दोन सेंटीमीटरचं वेटोळं टायने आवळलेलं सापडलं. टाय कापला, वेटोळं मोकळं सोडलं. काही सेकंदांत एलओएस विझला, थोड्या वेळाने पॉन स्थिर झाला. बहुतेक लोक इथेच थांबतात, पण आकडा −२३.५ आहे, म्हणजे ४ डेसिबल अजून कुठेतरी गळतायत. पुढे खिडकीशी गेल्यावर दिसतं की सरकती काच बंद केली की वायर चौकटीत दाबली जाते. तिथून वायर वळवून घेतली आणि आकडा −१९.८ झाला. आता लाईन खरोखर दुरुस्त झाली.

वायर मोकळी करूनही आकडा हलला नाही तर आत काच तडकलेली असू शकते. ती सरळ करून बरी होत नाही. पण वायरीला हात लावण्याआधीच त्याच कंपनीच्या शेजाऱ्याला विचारा. त्याच्याकडेही एलओएस लाल असेल तर बिघाड बाहेर आहे, घरातली वायर उकलू नका. फक्त तुमच्याकडे असेल तर तक्रार नोंदवताना दिव्यांची स्थिती, जुना आणि नवा आकडा आणि घरात तपासलेल्या जागा सांगा. लाईनमन लाल पेन घेऊन येईल: त्याचा उजेड पातळ पिवळ्या वायरीत तुटल्या किंवा दुमडल्या जागी आवरणातून बाहेर दिसतो. बाहेरच्या काळ्या जाड वायरीत तो दिसत नाही, तिथे पॉवर मीटर लावून एकेक जोड तपासावा लागतो.