हवाई अंतराची अट आणि कारखान्याची मेहनत : एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया : "सरकारकडे मागणे मांडणे हा प्रत्येक उद्योगाचा हक्क आहे. साखर कारखान्यांमधल्या हवाई अंतराच्या अटीला तुम्ही सरळ 'रेंट सीकिंग' म्हणून मोकळे झालात. ती अट नसती तर शेजारीशेजारी कारखाने उभे राहून सगळेच उसाअभावी बंद पडले असते. आणि कारखान्याला चार पैसे जास्त मिळाले तरी ते एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले, देशाचे त्यात काय बुडाले?"

सप्रेम नमस्कार,

नव्या साखर कारखान्याने जुन्यापासून ठरावीक अंतर राखलेच पाहिजे, या हवाई अंतराच्या अटीबद्दलच्या आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे उत्तर त्यावरच उभे आहे. अर्थशास्त्रातही अनेक वर्षे असेच समजले जात असे. १९६७ मध्ये गॉर्डन टलॉक यांनी दाखवून दिले की खिशातून खिशात जाणारी रक्कम हे नुकसान नसले, तरी ती आपल्याच खिशात यावी म्हणून, किंवा आलेली जाऊ नये म्हणून, जो पैसा, वेळ आणि बुद्धी खर्च होते, ती मात्र कायमची जाते. याच खटपटीला मी 'रेंट सीकिंग' म्हटले.

एक हिशेब मांडतो. यातला कारखाना आणि शंभर रुपयांचा फरक मी गृहीत धरला आहे. हंगामात पाच लाख टन ऊस गाळणारा कारखाना आहे असे समजू. शेजारी दुसरा कारखाना आला, तर ऊस टिकवण्यासाठी याला टनामागे शंभर रुपये जास्त द्यावे लागतील. म्हणजे शेजारी न येणे याला हंगामाला पाच कोटी रुपयांचे आहे. हे पाच कोटी शेतकऱ्याचे कारखान्याकडे राहिले, एवढेच. इथपर्यंत आपले म्हणणे बरोबर आहे. पण ज्या गोष्टीतून दरवर्षी पाच कोटी मिळतात, ती टिकवण्यासाठी दोन-तीन कोटी वकील, सल्लागार आणि मुंबई-दिल्लीच्या खेपा यांवर घालवणे संचालक मंडळाला परवडते. त्या खर्चातून साखरेचा एक दाणाही तयार होत नाही.

आता त्याच कारखान्याने ती मेहनत गाळपात घातली, बगॅसमध्ये आणि मळीत जाणारी साखर कमी केली आणि उतारा, म्हणजे उसाच्या वजनातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी, ०.२ ने वाढवला असे धरा. पाच लाख टनांवर ती एक हजार टन जादा साखर होते. २०१९ मध्ये ठरलेल्या किलोमागे ३१ रुपये या किमान विक्री दराने तिचे तीन कोटी दहा लाख होतात. ही साखर नव्याने निर्माण झालेली आहे, कोणाच्या खिशातून काढलेली नाही. परंतु त्यासाठी गिरण्यांची दुरुस्ती, चांगला चीफ केमिस्ट आणि दोन-तीन हंगामांचा धीर लागतो, आणि मिळकत पाच कोटींहून कमीच राहते. व्यवस्थापन कुठे वळेल हे आपणच ठरवा. मी त्यांना दुष्ट म्हणत नाही. नियमच त्यांना चुकीच्या कामाचा मोबदला जास्त देतो, ही माझी तक्रार आहे.

मेहनत कशी भलतीकडे वळते, याचे आपल्याच देशातले उदाहरण अ‍ॅन क्रूगर यांनी १९७४ मध्ये मांडले आणि 'रेंट सीकिंग' हा शब्द त्यांच्याच लेखामुळे रूढ झाला. (इथे रेंट म्हणजे घरभाडे नव्हे, मराठी पाठ्यपुस्तकांत ज्याला 'खंड' म्हणतात तो, स्पर्धेत टिकला नसता असा जादा लाभ.) त्या काळी कच्च्या मालाचे आयात परवाने कारखान्याच्या स्थापित क्षमतेच्या प्रमाणात मिळत. परिणाम असा की असलेली यंत्रे अर्धवट चालत असतानाही नवी यंत्रे बसवणे फायद्याचे ठरे, कारण क्षमता वाढली की परवान्याचा वाटा वाढे. यंत्र उत्पादनासाठी नव्हे, तर परवान्यासाठी विकत घेतले जाई. असे परवाने आणि इतर नियंत्रणांमुळे तयार झालेल्या खंडाची किंमत त्यांनी १९६४ च्या भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७.३ टक्के इतकी अंदाजली होती.

हवाई अंतराच्या अटीतही हेच घडले. १९९८ मध्ये साखर उद्योगाची परवाना पद्धत गेली, पण दोन कारखान्यांत सरळ रेषेत मोजलेले किमान १५ किलोमीटर अंतर हवे, ही अट राहिली. परवान्याऐवजी उद्योजकाने केंद्राकडे फक्त निवेदन दाखल करायचे. साहजिकच, कारखाना उभारायचा नसतानाही निवेदन दाखल करून जागा अडवून ठेवणे शक्य झाले. शेवटी २००६ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून एक कोटी रुपयांची बँक हमी, दोन वर्षांत ठोस पावले आणि चार वर्षांत प्रत्यक्ष उत्पादन अशी बंधने घालावी लागली, आणि अंतराचा दाखला सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरून घ्यायचे ठरले. एका संरक्षणातून निघालेला गैरवापर थांबवण्यासाठी पुन्हा दाखले, हमी आणि मुदती आल्या. आणि त्या प्रत्येकावर पुन्हा वाद घालता येतो.

त्याच आदेशाने राज्यांना अंतर वाढवण्याची मुभा दिली आणि महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर केले. ऐकायला दहाच किलोमीटरची वाढ आहे. पण १५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ७०७ चौरस किलोमीटर येतात आणि २५ च्या वर्तुळात सुमारे १,९६३. जिथे दुसरा कारखाना येऊच शकत नाही असा मुलूख जवळजवळ पावणेतीनपट झाला.

आता उसाअभावी कारखाने बंद पडण्याबद्दल. ही भीती मी खोटी मानत नाही. तोडलेला ऊस तासातासाने वजन आणि साखर गमावतो, तो लांबून आणता येत नाही, आणि कारखान्यात एकदा घातलेले भांडवल उचलून दुसरीकडे नेता येत नाही. सभासदांच्या भागभांडवलावर उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याला उसाची खात्री हवी, हे रास्तच आहे. परंतु खात्री दोन प्रकारे मिळते. एक, शेतकऱ्याशी काही वर्षांचा करार करून. दुसरी, शेजाऱ्याला कायद्याने येऊ न देऊन. २०१२ मध्ये साखर उद्योगावरच्या नियंत्रणांचा विचार करणाऱ्या रंगराजन समितीने अंतराची अट काढून कराराचाच मार्ग सुचवला होता. केंद्राने पुढच्याच वर्षी लेव्ही साखर, म्हणजे कारखान्यांनी सरकारला कमी दराने द्यायची साखर, बंद केली, पण अंतराचा निर्णय राज्यांवर सोडला. करारात कारखान्याला शेतकऱ्याला काहीतरी द्यावे लागते : दर, बेणे, तोडीची ठरलेली तारीख. अंतराच्या अटीत काहीच द्यावे लागत नाही. हक्काचे मागणे आणि रेंट सीकिंग यांतला फरक मी याच ठिकाणी पाहतो. रस्ते द्या, वीज वेळेवर द्या हे मागणे मान्य झाले तर शेजारच्या कारखान्यालाही त्याचा लाभ होतो; अंतराच्या अटीची सारी किंमतच शेजारी नसण्यात आहे.

दोन हंगामांपूर्वी माझ्या चुलतभावाचा अडीच एकर आडसाली ऊस फेब्रुवारी उजाडला तरी उभा होता. तुरे येऊन गेले होते, कांडे मोडून पाहिले तर आत पांढरी दशी पडलेली. तोडीचा क्रम लावणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयकडे रोजच्या खेपा झाल्या. शेवटी तोडणीची टोळी आली ती एकरी खुशाली, म्हणजे वरचे पैसे, ठरवूनच, आणि वाहनचालकाचे वरचे पैसे, म्हणजे एंट्री, वेगळे. एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, कायद्याने बांधलेली होती आणि ती त्याला मिळालीही. पण दर टनावर मिळतो, आणि टनच घटले होते. वीस मिनिटांच्या अंतरावर दुसऱ्या कारखान्याच्या गव्हाणीचा पट्टा फिरत असता, तर पहिल्या कारखान्याने त्याला फेब्रुवारीपर्यंत ताटकळत ठेवले नसते, असे मला मनापासून वाटते.

आपण विचारले नसले, तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. एफआरपीदेखील सरकारने ठरवून दिलेला दर आहे आणि माझी कसोटी तिलाही लागू होते. मी तिची बाजू घेतो ती एवढ्याचसाठी की ज्याला कायद्याने एकच गिऱ्हाईक ठेवले आहे, त्याला किमान दराची तरी हमी हवी. अंतराची अट खरोखर उठली आणि शेतकऱ्याच्या बांधावर दोन-तीन कारखान्यांचे शेतकी अधिकारी दर सांगायला येऊ लागले, तर एफआरपीचा फेरविचार करायला मी आपल्याबरोबर बसायला तयार आहे.